स्विफ्टला टोकन देण्याआधी: गाडी पाण्यात उभी होती का, ते बघ

«मामा, नांदेडात एका डीलरकडं स्विफ्ट पक्की करत आणलीय. २०१९ ची व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच २४ पासिंग, ४६ हजार चाललेली. सध्या दुसरा मालक आहे, त्याच्या नावावर गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ ला झाली. ४ लाख १० हजार सांगतोय, अजून थोडे कमी करील. आतून तर एकदम नवी आहे, सीट कव्हर, मॅटिंग सगळं नवं टाकलंय. मी चालवून पाहिली, आवाज नाही, पिकअप चांगला आहे. फोटो पाठवलेत. तुम्ही एकदा बघून सांगा, रविवारी टोकन देऊ का?»

टोकन रविवारी देऊ नको. गाडी खराबच आहे असं मी इथं जालन्यात बसून म्हणणार नाही, पण तुझे फोटो बघून एक शंका आली आहे आणि ती मिटल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. ही गाडी मागच्या पावसाळ्यात पाण्यात उभी होती का, हे आधी ठरव. क्लच, टायर, सस्पेन्शन यांचं काही असेल तर ते पैशानं सुटतं आणि एकदाच सुटतं. पाण्यात राहिलेल्या गाडीचं काम मात्र संपतच नाही.

शंका कशावरून, ते सांगतो. गाडी लातूर पासिंगची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सिंदफणा, सीना, गोदावरी सगळ्यांनीच पात्र सोडलं होतं, तुमच्या नांदेडातही पाणी वस्तीत शिरलं होतं. अंगणात उभ्या असलेल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते तू बघितलंच आहेस. त्यानंतर तीनच महिन्यांत ही गाडी दुसऱ्याच्या नावावर होते, तो ती लगेच विकायला काढतो, आणि तीही बाजारापेक्षा लाखभर स्वस्त. या सालाची, एवढी कमी चाललेली व्हीएक्सआय पाच लाखांच्या आसपास जाते. वर आतलं सगळं नवं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. सीट कव्हर आणि मॅटिंग तर डीलर लोक प्रत्येकच गाडीला टाकतात. पण सगळ्या एकाच गाडीत आल्या की थांबून बघायला पाहिजे.

आता तुझे फोटो. ड्रायव्हर सीटचा फोटो मोठा करून बघ. सीटच्या रुळाचा पुढचा बोल्ट दिसतो. त्याच्या षटकोनी डोक्याच्या कडांवरचा काळा रंग उडालाय आणि तिथं तांबूस गंज आहे. कंपनीतून आल्यापासून सीट काढलीच नसेल तर त्या कडा अशा सोललेल्या नसतात, म्हणजे पाना लागलाय. सीट कव्हर घालायला सीट सहसा उतरवावी लागत नाही, खालचं कार्पेट काढायला मात्र लागते. गंज तेवढा धरू नको, आपल्याकडं वावरातून चिखलाच्या पायानं गाडीत बसणाऱ्यांच्या सीटचे पुढचे बोल्ट तसेही गंजतात. पाना लागल्याची खूण जास्त महत्त्वाची.

दुसरा फोटो डाव्या हेडलाइटचा. काचेच्या आत खालच्या बाजूला एक आडवी, फिकट रेघ आहे. पावसाळ्यात हेडलाइटमध्ये वाफ धरणं नेहमीचं आहे, पण ती ढगासारखी पसरते आणि दिवा लावला की जाते. आडवी सरळ रेघ पाणी आत साचून हळूहळू वाळलं की राहते. फोटोत उजेडाची तिरीपही तशी दिसू शकते, म्हणून प्रत्यक्ष बोट लावून बघ, बाहेरून पुसली जाते का.

तिसरा फोटो मीटरचा. इंजिन बंद, चावी ऑन, ऑइलचा दिवा आहे, बॅटरीचा आहे, चेक इंजिन आहे, एअरबॅगचा नाही. तो काही सेकंद लागून विझतो, त्यामुळं तू फोटो उशिरा काढला असशील तर यात काही वावगं नाही. पण याचा व्हिडिओ मला हवाय, कसा काढायचा ते खाली सांगतो.

तू म्हणतोस चालवून पाहिली, चांगली चालते. पाण्यातून निघालेली गाडीही चांगलीच चालते रे. ऑइल बदललं, प्लग बदलले, एअर फिल्टर नवा टाकला, आतून धुऊन उन्हात वाळवली की ती अर्ध्या तासाच्या फेरीत काहीच दाखवत नाही. बिघाड वायरिंगच्या जोडांत चालू असतो. पुराचं पाणी म्हणजे माती, शेतातलं खत, गटाराचं पाणी, सगळं एकत्र. ते कनेक्टरच्या आत शिरतं, वरून कोरडं झालं तरी आत क्षार राहतात. मग हवेतला ओलावा आणि बॅटरीचा करंट मिळून तांब्याच्या पिना हिरव्या पडत जातात. याला महिने लागतात, आणि पहिला बिघाड दिसतो तेव्हा गाडी बहुतेक नव्या मालकाकडं गेलेली असते.

माझ्या गॅरेजवर अशीच एक सेडान आली होती. मालकाची तक्रार एवढीच की रात्री सेंट्रल लॉक आपोआप उघडतं. ड्रायव्हरच्या दाराच्या उंबऱ्याखालून जाणारी वायरिंग उघडली तर एक कनेक्टर पूर्ण हिरवा. तो कापून नवा जोडला, गाडी गेली. पुढं पावसाळी हवेत काच खाली गेली ती वर येईना, तेव्हा त्याच वायरिंगमधला पुढचा जोड निघाला. मग फ्युएल पंपाला करंट मिळेनासा झाला आणि गाडी परतूरच्या रस्त्यावर बंद पडली, आत लेकरं होती. शेवटी पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, बदलावा लागला. हार्नेस, मॉड्यूल आणि मजुरी मिळून, स्वस्तात घेताना वाचवलेले पैसे तर गेलेच, वर आणखी लागले. विकणाऱ्यानं पाण्याचा एक शब्द सांगितला नव्हता.

आता तू काय बघायचं ते सांगतो. बरोबर चांगली टॉर्च, हातभर दांडीचा छोटा आरसा आणि पांढरं फडकं घेऊन जा. सकाळी जा, आणि आधी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका.

सगळ्यात आधी धूळ आणि गाळ यांतला फरक डोक्यात ठेव, कारण डीलर म्हणणारच की मराठवाड्यातली गाडी आहे, धूळ असणारच. धूळ वरून पडते. ती वस्तूच्या वरच्या अंगावर बसते, फुंकर मारली की उडते आणि त्या वस्तूची खालची बाजू स्वच्छ राहते. पाण्यातला गाळ सगळीकडून लागतो, खालूनही. म्हणून डॅशबोर्डाखाली आरसा धर आणि लोखंडी पट्ट्यांची, ब्रॅकेटची खालची बाजू बघ. पेडलच्या वर जिथं हात नीट पोचत नाही, तिथं पांढरं फडकं फिरव. आपल्या काळ्या मातीचा गाळ वाळला की राखाडी पापुद्रा होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि नखानं खरवडला की पिठासारखा सुटतो. ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला असा पापुद्रा सापडला तर तिथपर्यंत पाणी आलं होतं, यावर वाद नाही. पंपानं गाडी धुणाऱ्याचं पाणी तिथं जात नाही, म्हणून ही खूण राहते. बॉनेटमध्ये अल्टरनेटरच्या जाळीतून आत बघ, आणि रेडिएटर व एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीतही. तिथला गाळ कुणी काढत नाही, कारण त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो.

मग सीट बेल्ट. पुढचा बेल्ट शेवटपर्यंत ओढ, अगदी थांबेपर्यंत. बेल्ट गुंडाळण्याची चकती दोन दारांमधल्या खांबात खाली असते, त्यामुळं पाणी दाराच्या उंबऱ्यावर थोडं जरी चढलं तरी ती भिजते. रोज बाहेर असणारा भाग साबणानं धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर तसाच राहतो. तिथं कडेनं मातकट डाग, बुरशीचे ठिपके किंवा कडकपणा जाणवतो का बघ. सोडल्यावर बेल्ट स्वतः गुंडाळला जातो की अडकतो, तेही बघ. बेल्टच्या तळाशी एक छोटं लेबल शिवलेलं असतं, त्यावर तयार झाल्याची तारीख असते. गाडी २०१९ ची आणि बेल्ट २०२५ चा असेल तर विचार, का बदलला. अपघात किंवा पाणी, तिसरं कारण सहसा नसतं.

त्यानंतर मॅटिंगखालचं कार्पेट. नवं मॅटिंग चिकटवून टाकलेलं असतं, ते फाडायला तुला कुणी देणार नाही. पण दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपवर असते, वर ओढली की निघते. डीलरला विचारून त्याच्याच पोराला काढायला सांग. पट्टीखाली कार्पेटची कड सापडेल, ती उचलून खालच्या नमद्यात हात घाल. ओला किंवा गार लागतो का, फडक्यावर काय येतं, वास कसा आहे. तिथूनच वायरिंगचा मोठा जुडगा मागं जातो, त्यावरची टेप मूळची, कंपनीची आहे की नवी चकचकीत गुंडाळलीय, तेही दिसेल. डिकीत स्टेपनी बाहेर काढ आणि खालच्या खड्ड्याच्या कडा बघ, गाळ शेवटी तिथं बसतो. नमदा वाळवायला डीलरनं गाडी दोन दिवस उन्हात दारं उघडी टाकून ठेवली असली तरी उंबऱ्याच्या कोपऱ्यातला वास जात नाही, म्हणून गाडीत बसल्याबरोबर काचा बंद करून एसी न लावता दोन मिनिटं बस. अत्तराचा डबा ठेवलेला असेल तर आधी तो बाहेर ठेव.

आता एअरबॅग. यावर मी जास्त बोलतोय कारण पुढं तू आणि दाजी बसणार आहात. एअरबॅगचं नियंत्रण करणारं मॉड्यूल दोन सीटच्या मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. ते पाण्यात गेलं की दुरुस्त करायचं नसतं, बदलायचं असतं, आणि ते महाग आहे. म्हणून काही जण मॉड्यूल तसंच ठेवतात आणि दिव्याचा बंदोबस्त करतात. तू असं कर. चावी ऑन कर, इंजिन सुरू करू नको, आणि मोबाइलवर मीटरचा पंधरा-वीस सेकंदांचा सलग व्हिडिओ घे. एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत स्वतःहून विझला पाहिजे, इंजिन बंद असतानाच. लागून तसाच राहिला तर मॉड्यूल दोष दाखवतंय. लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवा मारलाय. आणि एक लबाडी अशी असते की तो ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. मग इंजिन सुरू करेपर्यंत तो जळत राहतो आणि त्या दिव्यांबरोबरच विझतो. घाईनं चावी फिरवून लगेच स्टार्टर मारणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून थांब म्हणतोय. दिवा नीट विझला तरी सगळ्या मॉड्यूलना जोडता येणाऱ्या स्कॅनरनं एअरबॅगचे कोड वाचून घे. बाजारात मिळणारा स्वस्त ओबीडी डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, त्याच्यावर विसंबू नको.

इंजिनाचं दोन प्रकारे असतं. गाडी बंद उभी असताना पाण्यात गेली असेल तर इंजिन बहुधा वाचतं, ऑइल आणि फिल्टर बदलून भागतं. पण कुणी पाण्यातून चालवली असेल आणि एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकला तर गाडी सुरू होते, चालतेही. हे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कळत नाही.

ते असं कळतं. या इंजिनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालून वरपर्यंतची धाव, ७१.५ मिलिमीटर आहे आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, साधारण ११ आहे. त्यामुळं पिस्टन वर आल्यावर हवेला साधारण ७ मिलिमीटरइतकी जागा उरते. रॉड वाकून पिस्टन १ मिलिमीटर खाली राहिला तर ती जागा ८ च्या वर जाते आणि रेशो ११ वरून १० च्याही खाली येतो. कॉम्प्रेशन मोजायच्या गेजवर तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी दाखवतो. चारही सिलिंडरचे प्लग काढून, फ्युएल आणि इग्निशन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येकाचं मोजायचं. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १२ ते १४ बार येतं, पण नुसत्या आकड्यापेक्षा चौघांत किती फरक आहे ते बघायचं. तीन १३ ला आणि एक ११ ला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांग. ११ चं १३ झालं तर रिंग झिजल्यात, आणि जागचं फारसं हललं नाही तर व्हॉल्व्ह गळतोय किंवा रॉड वाकलाय. दोन्हींतला फरक प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून दिसतो, वाकलेल्या रॉडच्या सिलिंडरमध्ये वरची काजळीची कडी बाकीच्यांपेक्षा खाली सरकलेली असते. हे काम तुझं नाही, नांदेडात कुठल्याही बऱ्या गॅरेजवर होतं, तासाभराचं आहे. पैसे तू दे, डीलरला देऊ देऊ नको, म्हणजे मेकॅनिक तुझ्या बाजूनं बोलेल.

कागदांचं थोडक्यात. गाडी नव्या नावावर करताना चालू विमाही साधारणपणे त्याच पॉलिसीत नाव बदलून पुढं चालवतात. इथं डिसेंबरात नवीनच पॉलिसी काढलेली असेल, आणि पहिल्या मालकाची पॉलिसी त्या वेळी संपलेली नसेल, तर ती मध्येच का बंद झाली हा प्रश्न विचार. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसान धरते, पैसे देते, पॉलिसी तिथं संपते आणि गाडी भंगार म्हणून विकली जाते. तीच घासूनपुसून बाजारात येते. नो क्लेम बोनस शून्य दिसला तर त्यावरून काही ठरवू नको, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, नव्या मालकाला तो बहुतेक शून्यच दिसणार. आरसी ऑनलाइन स्वच्छ दिसली म्हणूनही समाधान मानू नको, पाण्यात गेल्याची नोंद तिथं येत नाही. त्यापेक्षा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवर सर्व्हिसची नोंद काढून माग. सप्टेंबर-ऑक्टोबरात गाडी टोचन करून आणलेली असेल तर त्या जॉबकार्डवर दिसेल, आणि ४६ हजार खरे आहेत का तेही त्यातच कळेल. पहिल्या मालकाचा नंबर डीलरकडून घे आणि त्याला सरळ विचार: सप्टेंबरात पूर आला तेव्हा गाडी कुठं उभी होती? विकून मोकळा झालेला माणूस बहुतेक खरं सांगतो.

हे सगळं करून काय निघालं तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. कुठंच गाळ नाही, बेल्ट स्वच्छ, दिवा नीट विझतो, कॉम्प्रेशन सारखं, सर्व्हिसच्या नोंदी सलग असतील, तर गाडी घे, ४ लाखांना चांगली मिळतेय. नुसतं कार्पेट भिजलं असेल, पाणी सीटच्या रुळाखालीच राहिलं असेल आणि डीलर ते कबूल करत असेल, तर उंबऱ्याखालची वायरिंग उघडून दाखवायला लाव. पिना स्वच्छ निघाल्या आणि मॉड्यूल कोरडं असेल तर भाव आणखी ५० ते ६० हजारांनी पाड आणि मग विचार कर, मीही त्यात पडेन. पण डॅशबोर्डाखाली ब्रॅकेटला गाळ सापडला, किंवा एअरबॅगच्या दिव्याशी खेळलेलं दिसलं, तर भाव विचारूच नको. ३ लाखांना दिली तरी नको. आणि उंबऱ्याची पट्टी काढायला किंवा प्लग काढायला डीलरनं नकार दिला, तर कारण काहीही सांगितलं तरी ते उत्तर समजून बाहेर पड. स्विफ्ट खूप आहेत बाजारात, तुझ्या बजेटमध्ये परभणीला, जालन्याला मिळतील.

दाजींना सांग, पैसे कुणाच्या हातात द्यायची घाई करू नका, डीलर दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाला तरी. रविवारी जाण्याआधी डीलरकडून दोन्ही पॉलिसींचे फोटो मागवून मला पाठव. त्या तारखा जुळत नसतील तर तिथं जाण्याचा वेळ वाचेल. जुळल्या तर सकाळी आठच्या आत पोच, बॉनेटला हात लावून बघ गार आहे का, आणि पहिलं काम म्हणून तो मीटरचा व्हिडिओ घेऊन मला टाक. मी गॅरेजवरच असेन, फोन उचलतो.